साठीशांत कोणाची?

मे महिना जवळ आला की कोकणातल्या अनेक घरांत एक वाद सुरू होतो. वडिलांना किंवा आईला साठ पूर्ण होत असतात, मुंबई-पुण्याची मुले सुट्टीवर येणार असतात आणि साठीशांत करायची की नाही, हा विषय निघतो. एक बाजू म्हणते, हे सगळे भयापोटी निर्माण झालेले कर्मकांड आहे, त्यावर खर्च करण्यापेक्षा आईवडिलांचा आरोग्यविमा काढा. दुसरी बाजू म्हणते, आपले संस्कार आपणच जपायचे, तेव्हा चिपळूणला हॉल घ्या, केटरर ठरवा, सगळ्या नातेवाइकांना बोलवा. दोन्हीकडून तावातावाने बोलले जाते. पण या वादात बहुतेक वेळा एक माणूस गप्प बसलेला असतो, आणि ज्याला साठ वर्षे पूर्ण होतात तो नेमका तोच असतो.

माझे म्हणणे असे आहे की साठीशांत हा मुलांनी आईवडिलांचा केलेला सत्कार नाही. तो साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या माणसाने स्वतः संकल्प सोडून करायचा विधी आहे. करायचा की नाही, कधी, कुठे आणि केवढा, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे. मुलांनी पैसा, धावपळ आणि मनुष्यबळ पुरवावे, मालकी घेऊ नये. हे एकदा मान्य केले की वरच्या वादातले निम्मे मुद्दे आपोआप गळून पडतात.

हे मी विधीच्या रचनेवरूनच म्हणतो. आपल्याकडे वयाच्या टप्प्यांवर शांती सांगितल्या आहेत. पन्नाशीला वैष्णवी, सत्तरीला भैमरथी, पंचाहत्तरीला ऐंद्री, ऐंशीच्या आसपास सहस्रचंद्रदर्शन. साठीची ती उग्ररथ शांती. साठच का, याचे उत्तर पंचांगात आहे. प्रभवापासून सुरू होणारी संवत्सरांची साठ नावे संपून माणसाच्या जन्माचे संवत्सर त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच परत येते. गुरू सुमारे बारा वर्षांत राशिचक्र फिरतो आणि शनी सुमारे तीस वर्षांत; साठ वर्षांत गुरूचे पाच आणि शनीचे दोन फेरे होतात, म्हणून हे चक्र साठाचे. गणित काटेकोर नाही, पण मोजणीची ती जुनी सोय आहे. 1965 च्या पाडव्यानंतर जन्मलेला माणूस विश्वावसु संवत्सरातला, आणि 2025 च्या पाडव्याला तेच संवत्सर परत लागले.

विधी सुरू होतो तो संकल्पाने. त्यात यजमान स्वतःचे गोत्र आणि नाव उच्चारून आपण हे कर्म करत आहोत असे म्हणतो. मग गणपतिपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन आणि नांदीश्राद्ध. नांदीश्राद्धात बाप, आजा, पणजा यांचे स्मरण होते, तेही यजमानाच्या तोंडून. त्यानंतर आचार्यवरण, कलशावर मुख्य देवतेची स्थापना (कुठे मार्कंडेय, कुठे मृत्युंजय, प्रयोगाप्रयोगांत फरक आहे), नवग्रहांची मांडणी, अग्निस्थापना आणि हवन. पूर्णाहुतीनंतर कलशातल्या पाण्याने जोडप्याला अभिषेक होतो, काशाच्या वाटीत पातळ केलेल्या तुपात यजमान आपला चेहरा पाहतो आणि ती वाटी तुपासकट दान देतो. मग नवी वस्त्रे, साठ दिव्यांनी ओवाळणे, दाने आणि आशीर्वाद. या सगळ्या क्रमात मुलाच्या तोंडी एकही अनिवार्य वाक्य नाही. मुलगा पाणी आणतो, समिधा पुढे करतो, नमस्कार करतो. ज्या ‘सरप्राइज’ समारंभात आईबापांना फक्त चांगले कपडे घालून हॉलवर यायला सांगतात, तिथे संकल्प सोडणाऱ्यालाच संकल्पाची माहिती नसते. हे विधीच्या अगदी पहिल्या पायरीलाच धरून नाही.

आता विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा. शांतीचे घोषित फळ अपमृत्यू टळणे आणि आयुष्य वाढणे हे आहे, आणि हवनाने आयुष्य वाढते असे मानायला काहीही आधार नाही. हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. ‘शांत केली नाही तर काहीतरी होईल’ असे कुणी घाबरवत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. पण मग त्या तुपाच्या वाटीचे काय करायचे? साठीच्या माणसाला भर माणसांत बसवून, हा तुझा चेहरा, नीट बघ आणि देऊन टाक, असे सांगणारी दुसरी कोणती जागा आपल्या जगण्यात उरली आहे? निवृत्तीच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळते आणि तुम्ही अजून तरुण दिसता असे सगळे म्हणतात. विधी मात्र तसे म्हणत नाही. म्हातारपण आले आहे हे तो कबूल करतो आणि कबूल करायला लावतो. फळ नाकारूनही या कृतीचा अर्थ शिल्लक राहतो, आणि तो अर्थ घ्यायचा की नाही हे साठीचा माणूसच सांगू शकतो. चाळिशीच्या मुलाला ते सांगता येणार नाही, मग तो नास्तिक असो की कर्मठ.

काळ बदलल्याचा मुद्दाही इथे येतो. 1960 च्या दशकात भारतातले सरासरी आयुर्मान पन्नाशीच्या आतच होते. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरे, तरी साठी गाठणे तेव्हा आजच्याइतके नेहमीचे नव्हते. आज साठीनंतर पंधरा-वीस वर्षे जगायचे आहे हे गृहीत धरले जाते, मग शांतीचे प्रयोजनच संपले, असे काही जण म्हणतात. मला उलटे वाटते. वाचल्याबद्दलची कृतज्ञता कमी झाली असेल, पण पुढच्या वीस वर्षांचा प्रश्न मोठा झाला आहे. कायद्यानेही रेष इथेच ओढली आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा साठ पूर्ण झालेल्याला ज्येष्ठ नागरिक मानतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर मुलांच्या नावे केलेली मालमत्ता, ती अट पाळली नाही तर परत मागण्याची वाट ठेवतो. म्हणून ‘शांत नको, विमा काढा’ म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे की हे दोन पर्याय एकमेकांविरुद्ध उभे कुणी केले? विमा काढणे हे मुलांचे कर्तव्य आहे, त्यासाठी कुणाच्या संकल्पाची गरज नाही. शांत ही आईवडिलांची इच्छा आहे. कर्तव्याची पावती दाखवून इच्छा रद्द करता येत नाही.

याच संदर्भात कोकणातली एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. साठीशांतीला सगळे भाऊ, सगळ्या बहिणी, चुलते एकत्र येतात, आणि असा योग पुन्हा कधी येणार म्हणून जेवणानंतर सातबारा बाहेर निघतो. बहिणींची हक्कसोडपत्रावर सही, कलमांच्या बागेची वाटणी, सामायिक विहिरीचा वाद. सोय म्हणून हे केले जाते, हेतू नेहमीच वाईट असतो असे नाही. पण अभिषेकाचे केस ओले असलेल्या माणसाला भर घोळक्यात कागद वाचायला लावणे म्हणजे त्याच्या नकाराची जागा बंद करणे आहे. त्या दिवशी सातबारा काढू नये. तो विषय आधी किंवा नंतर, वकिलासमोर, शांत डोक्याने व्हावा.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण तिच्या चुका मला जास्त जवळून दिसतात. दापोली तालुक्यातले, आमच्या परिचयातले एक घर घेतो. वडील आंबा बागायतदार. चार गुंठ्यांत भात, बाकी कलमे. जन्म 1965 चा, आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशीचा. दोन मुलगे डोंबिवलीला, मुलगी चिपळूणला दिलेली. मुलांनी ठरवले की शांत मे महिन्यात हॉलवर करायची. अडीचशे माणसे, ताटाला साडेचारशे रुपये, म्हणजे जेवणाचेच 1,12,500. हॉल 40,000, सजावट 35,000, फोटो आणि व्हिडिओ 30,000. एकूण 2,17,500, आणि त्यात भटजी अजून आलेलेच नाहीत. हिशोब मांडताना ही गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नव्हती.

वडिलांनी नाही म्हटले, तेव्हा मुलांना वाटले ते खर्चाला भितात. कारण वेगळे होते. मे म्हणजे त्यांच्यासाठी आंब्याचा महिना. झाडावर फळ, माचीवर आढी, पेट्या भरायच्या, गाडीची वेळ सांभाळायची. मुलांची सुट्टी ती वडिलांची सुट्टी, हे मुलांनी परस्पर धरून टाकले होते. शिवाय मे महिन्यात त्यांचे साठ पूर्णही होत नव्हते. त्यांना शांत तिथीलाच हवी होती. तिथी आषाढ शुद्ध दशमी, 5 जुलै 2025, शनिवार. तारखेने वाढदिवस त्यानंतर चारेक दिवसांनी होता. साठ वर्षांनी तिथी आणि तारीख साधारण इतक्या जवळ येतात, पण एकच होतीलच असे नाही, आणि अधिक मासामुळे कधी अंतर महिनाभराचेही पडते. पंचांग न पाहता हॉल बुक करणाऱ्यांची पहिली फसगत इथेच होते.

पण जुलै म्हणजे लावणी. भर पावसात मांडव कुठे घालणार, माणसे कशी येणार? मुलांचा हा आक्षेप खरा होता आणि वडिलांनी तो मानला, म्हणून तिथी तीच ठेवून शांत घरीच, थोडक्या माणसांत करायचे ठरले. गुरुजींशी बोलणी मात्र त्यांनी स्वतः केली, आणि त्यातून जे निघाले ते प्रत्येक घराने समजून घेण्यासारखे आहे. हवनाच्या आहुती हजार आठच हव्यात असे नाही. एकशे आठ, अठ्ठावीस किंवा आठ असे पर्याय शास्त्रातच आहेत. त्यांनी मुख्य देवतेला एकशे आठ आणि बाकीच्यांना अठ्ठावीस-आठ असे ठरवले, त्यामुळे विधी साडेचार तासांत बसला. वडिलांना मधुमेह आहे. उपाशी बसायचे का, हा प्रश्न त्यांनी विचारला. पाणी, फळ, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही असे सांगणारे वचन गुरुजींनीच म्हणून दाखवले, तेव्हा सकाळची गोळी आणि केळे ठरले. गुडघ्यांमुळे पाटाऐवजी दोघांना चौरंग. अभिषेकाच्या कलशात कोमट पाणी. धुराचा त्रास आईला होतो, म्हणून कुंड माजघरात न मांडता पडवीत, वाऱ्याच्या बाजूला. समिधा पावसात ओल्या मिळतात आणि ओल्या समिधांचाच धूर जास्त होतो, म्हणून रुई, पळस, खैर, आघाडा, पिंपळ, उंबर यांच्या काड्या मुलीने मे महिन्यातच गोळा करून चुलीवरच्या माळ्यावर सुकवल्या. शमी गुरुजींनी आणली. दूर्वा आणि दर्भ पावसाने अंगणात दिलेच होते.

माणसे सत्तर, सगळी भावकीतली आणि वाडीतली. जेवण घरी, आचारी गावातला, 17,500. पाच ब्राह्मणांची दक्षिणा 21,000, साहित्य 9,000. एकूण 47,500. वाडीच्या मोठ्या जेवणाचे काय, तर गणपतीला सगळे चाकरमानी येतातच, तेव्हा घालू, असे वडील म्हणाले आणि तसे घातलेही. मुलांच्या वाट्याला काय आले? मोठ्या मुलाने शुक्रवारी रात्रीच येऊन पडवीला ताडपत्री बांधली. धाकट्याने साठ दिव्यांची जबाबदारी घेतली. साठ कणकेचे दिवे एकाच ताटात लावले तर ताट हातात धरवत नाही इतके तापते, आणि पडवीत वारा असला तर अर्धे विझतात. त्याने ते तीन पराती करून लावले आणि ओवाळायच्या वेळी माजघरात नेले. ही कामे हॉलवाल्याला देता येत नाहीत.

यावर परंपरेच्या बाजूने एक आक्षेप येतो, आणि तो कमी मोलाचा नाही. सगळ्यांच्या नशिबी तिथीला शनिवार येत नाही. परदेशातला मुलगा आषाढात येऊ शकत नाही. कोकणातल्या मोठ्या भावकीत ऐन वेळी सुतक किंवा सोहेर पडते आणि सगळे पुढे ढकलावे लागते. मग तिथी सोडली तर चालते का? चालते, आणि हे मी सवलत म्हणून सांगत नाही. 1674 साली शिवाजी महाराजांची मुंज राज्याभिषेकाच्या काही दिवस आधी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी झाली आणि त्यानंतर राण्यांशी समंत्रक विवाहही पुन्हा झाला. संस्काराचा काळ उलटून गेला होता, पण संस्कार करणाराही तयार होता आणि कारणही मोठे होते, म्हणून गागाभट्टांनी वाट काढली. चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामात जन्मलेले भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा जो प्रचंड पट मांडला, त्यातून सामान्य वाचकाला कळते ते हेच की देशकालानुसार पर्याय देणे हीच त्या परंपरेची चालत आलेली रीत आहे. तिथी टळली तर जन्मनक्षत्राचा दिवस, तोही टळला तर पुढचा चांगला दिवस. फक्त दिवस सरकवायचा तो यजमानाच्या कारणासाठी की हॉलच्या तारखेसाठी, एवढे पाहावे.

अलीकडे आणखी एक प्रकार वाढला आहे. अंतरपाट धरून, मंगलाष्टके म्हणून आईवडिलांचे ‘पुन्हा लग्न’ लावायचे. तमिळनाडूत, विशेषतः मार्कंडेयाच्या कथेशी जोडलेल्या तिरुक्कडैयूरच्या देवळात, साठीच्या विधीत मांगल्यधारण हा मुख्य भाग आहे आणि तिथे तो शोभतोही, कारण तिथली ती रीत आहे. आपल्या उग्ररथ शांतीच्या प्रयोगात तो नाही. घ्यायला माझी हरकत नाही, रीती एकमेकांकडून घेतल्याच जातात. पण तो घेताना आईला विचारले होते का? चाळीस वर्षांचा संसार कसा झाला हे तिला माहीत असते. चारचौघांत पुन्हा हार घालून घ्यायचा की नाही, हे तिनेच सांगावे. वर उल्लेख केलेल्या घरात आईने नको म्हटले आणि विषय तिथेच संपला.

आणि इथेच माझा सर्वांत मोठा आक्षेप दोन्ही बाजूंवर आहे. हा सगळा वाद बहुतेक वेळा वडिलांच्या साठीवरच होतो. आई वडिलांच्या शेजारी बसते, तिच्याही डोक्यावर अभिषेकाचे पाणी पडते, मग तिची वेगळी शांत कशाला, असे म्हटले जाते. पण निमित्त जर जन्माच्या संवत्सराचे परत येणे हे असेल, तर तिचे संवत्सर वेगळे आहे, तिचे नक्षत्र वेगळे आहे. वडील गेले असतील तर प्रश्न आणखी तीव्र होतो. विधवा आईला साठ पूर्ण होतात तेव्हा काहीच होत नाही, आणि मुलाच्या लग्नात जशी ती मागे उभी राहिली तशी इथेही मागेच राहते. विधीला जोडपे हवे, असे सांगितले जाते. जोडप्याचा अधिकार मी नाकारत नाही. पण संकल्प एका माणसाचा असतो, आणि एकट्या यजमानाने करायच्या पूजा-शांती आपल्याकडे कमी नाहीत. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवून अनेक वर्षे झाली. ज्यांना भटजीच नको आहेत, त्यांच्यासाठी महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने 1873 पासून पुरोहिताशिवाय कार्ये करण्याची वाट घालून दिली आहे. विधवा आईला चौरंगावर बसवायला यापेक्षा मोठी परवानगी कुणाला हवी आहे? साठ दिव्यांनी ओवाळायला सवाष्णीच हव्यात हा आग्रहही सोडावा. तिची विधवा बहीण ओवाळेल, सून ओवाळेल, नात ओवाळेल.

दापोलीच्या त्या घरात हा प्रश्न मुलीने विचारला, पूर्णाहुतीनंतर, सगळे जेवायला बसण्याच्या आधी. गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, “आईंची तिथी सांगा, बसवू.” आईला तारीख आठवत नव्हती, पण जन्म पौषातला, मोहोर धरला होता, एवढे तिच्या आईने सांगितलेले तिला माहीत होते. वर्ष शके 1890, कीलक संवत्सर. ते परत येते शके 1950 ला, म्हणजे त्यातल्या पौषातली तिची तिथी 2028 सालाच्या अखेरीस नाहीतर 2029 च्या सुरुवातीला. नेमकी तिथी शोधायला मुलीने आजोळी जुनी जन्मटिपणे पाहायला सांगितले आहे. शांत करायची की नाही हे मात्र आईने अजून सांगितलेले नाही, आणि घरात तिला कुणी घाई करत नाही.